चाळीस नावं, सत्तावीस प्रमाणपत्रं

फोन आला तेव्हा मी दादरच्या फलाट क्रमांक एकवर गर्दी ओसरायची वाट बघत उभी होते. आमच्या संस्थेला पैसे देणाऱ्या कंपनीतले सीएसआरचे साहेब पलीकडे होते. "मॅडम, प्रस्ताव चांगला आहे, पण मला एक आकडा द्या. पर पार्टिसिपंट किती?" मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत कळवते.

तो आकडा मी त्याच संध्याकाळी अर्ध्या तासात काढला, आणि पुढचे चार महिने निस्तरला.

प्रशिक्षण साधं होतं. गोवंडी, मानखुर्द, कुर्ला भागातल्या बचत गटांच्या बायकांना रोकडवही लिहायला, बँकेच्या पासबुकाशी ताळा घालायला आणि सभेचं इतिवृत्त लिहायला शिकवायचं. शनिवार-रविवार दोन दिवस, चाळीस जणी, दादरला स्टेशनजवळचा हॉल. मी एक्सेल उघडलं आणि पाच ओळी टाकल्या. मुख्य प्रशिक्षक आणि दोन सहायक मिळून २०,०००. हॉल १२,००० प्रमाणे दोन दिवसांचे २४,०००. वह्या, फोल्डर, पेन असं किट १५० रुपयांचं, चाळीस जणींचे ६,०००. जेवण आणि दोन वेळचा चहा-नाश्ता मिळून माणशी दिवसाला २२०, म्हणजे १७,६००. प्रमाणपत्रं ३५ प्रमाणे १,४००. बेरीज ६९,०००, भागिले चाळीस, १,७२५. आकडा इतका सुबक आला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

करारनामा आला त्यात एक ओळ होती: प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवलेल्या प्रत्येक सहभागीमागे १,७२५ रुपये. मी वाचली, आमच्या मॅडमनीही वाचली. आमच्या डोक्यात सहभागी म्हणजे यादीतली चाळीस नावं होती. कंपनीच्या डोक्यात प्रमाणपत्रं होती. त्या ओळीत दोन वेगवेगळ्या संख्या आहेत हे दोघींनाही दिसलं नाही.

पहिला तडाखा हॉलने दिला. बारा हजार हा दर मी फोनवर विचारला होता. पलीकडच्या माणसाने "बारा हजार प्लस" म्हटलं होतं, आणि त्या "प्लस"चा अर्थ बिल हातात आल्यावर कळला. १८ टक्के जीएसटी. आमची संस्था जीएसटीत नोंदलेली नाही, त्यामुळे भरलेला कर कुठे वळता करून घेता येत नाही. तो सरळ खर्चच. माइक आणि प्रोजेक्टरचे दिवसाला १,५०० वेगळे, त्यावरही कर. हॉल सकाळी नऊ ते साडेपाच होता. पहिल्या दिवशी बायका जमेपर्यंत पाऊण तास गेला, तो शेवटाला जोडला, आणि आम्ही सव्वासहाला बाहेर पडलो. जादा वेळ पाऊण तासाचा, पैसे पूर्ण तासाचे. चोवीस हजारांची ओळ ३३,०४० वर गेली. अनामत रक्कम परत मिळाली, ती मी खर्चात धरली नव्हती हे एक बरं केलं. नाहीतर तीही चूक मी केली असती.

प्रशिक्षकांचं प्रकरण वेगळंच. मुख्य प्रशिक्षक बँकेतून निवृत्त झालेले, शिकवायला उत्तम, आणि त्यांच्याशी मी फोनवर बोलले होते, "सर, दोन दिवसांचे बारा हजार देऊ." त्या वर्षात आमच्या इतर कार्यक्रमांचं मानधन धरून त्यांची रक्कम ५०,०००च्या वर गेली होती, त्यामुळे १० टक्के टीडीएस कापणं भाग होतं. त्यांच्या खात्यात १०,८०० गेले आणि सरांचा फोन आला. ते बरोबरच होते, मी "बारा हजार देऊ" म्हटलं होतं, "बारा हजार, कर कापून" म्हटलं नव्हतं. हे पैसे तुमच्याच नावावर जमा होतात, विवरणपत्र भरलं की हिशेबात धरले जातात, असं मी सांगून पाहिलं. पण शब्द दिला होता. शेवटी कर संस्थेने सोसला.

आमच्या अकाउंट्सच्या काकांनी इथे मला एक गोष्ट शिकवली. मी बारा हजारांवर दहा टक्के चढवून १३,२०० लिहिले होते. काका हसले. "अगं, १३,२०० वर दहा टक्के कापलेस तर हातात काय येईल? ११,८८०. बारा हजारांना नव्वद टक्क्यांनी भाग." म्हणजे १३,३३३. त्यातून १,३३३ कर गेला की बरोबर बारा हजार हातात. तेव्हापासून प्रशिक्षकाला पत्र देताना मी पूर्ण रक्कम लिहिते आणि तिच्याखाली एक वाक्य टाकते की नियमाप्रमाणे कर कापला जाईल. तिघांचं टॅक्सीभाडं मी कुठे धरलंच नव्हतं. सगळं मिळून २०,०००चे २२,६०० झाले.

पण मला खरं काय कळलं ते जेवणाच्या बिलावरून.

केटररचा मुलगा गुरुवारी संध्याकाळी विचारतो, "ताई, किती ताटं धरू?" त्या आकड्याला ते गॅरंटी म्हणतात. खाणारे त्याहून जास्त झाले तर जास्तीचे पैसे, कमी झाले तर पैसे गॅरंटीचे. त्याचंही बरोबर आहे, भाजी शुक्रवारी रात्री चिरली गेलेली असते. मी सांगायला चाळीस म्हणणार तेवढ्यात त्यानेच विचारलं, "आणि तुम्ही लोक?" मुख्य प्रशिक्षक, दोन सहायक, मी, माझी सहकारी आणि हॉलचा शिपाई. सहा. जेवणारी माणसं शेहेचाळीस होती आणि मी हिशेब धरला होता शिकणाऱ्या चाळिसांचा. त्या सहा ताटांचा भारही शेवटी सहभागींवरच पडणार. वर ५ टक्के कर. म्हणजे २२०चं ताट २३१चं झालं.

शनिवारी छत्तीस जणी आल्या. चार गैरहजर, एवढं चालतं. रविवारी सकाळी दहाला हॉलमध्ये अकरा जणी बसल्या होत्या. मी फोन लावायला सुरुवात केली. तिसऱ्या फोनवर कळलं: "ताई, आज मेगाब्लॉक आहे ना." हार्बरवर कुर्ला ते वाशी. गोवंडी-मानखुर्दच्या बायका कुर्ल्यापर्यंत हार्बरने येणार, तिथून सेंट्रलने दादर, आणि पहिलाच टप्पा बंद. काही जणी बसने निघाल्या आणि साडेअकराला पोहोचल्या. बाकीच्यांनी विचार केला असेल की रविवारचा एक दिवस नवरा-पोरं घरी असतात, त्यात हा व्याप कशाला. मुंबईत जन्म गेलेल्या माणसाने रविवारी हार्बरच्या बायकांना दादरला बोलवावं आणि ब्लॉक बघू नये, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

दुपारी जेवणाच्या टेबलामागे मी उभी होते. अठ्ठावीस जणी आणि आम्ही सहा. मसालेभाताचं पातेलं निम्मंही संपलं नव्हतं. केटररच्या मुलाने काही न बोलता प्लॅस्टिकचे डबे काढले आणि बायकांना भरून द्यायला लागला. बारा ताटांचा भात, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड गोवंडीला, कुर्ल्याला घरोघरी गेलं. वाया गेलं नाही ही समाधानाची गोष्ट. पण बिल शेहेचाळीस ताटांचं दोन्ही दिवशी लागलं, पाण्याचे जार धरून २१,६००.

प्रमाणपत्रं मी आधीच छापून घेतली होती, सगळ्या चाळीस जणींच्या नावांनिशी. तीनशे जीएसएमचा जाड कागद, संस्थेचा शिक्का, दोन सह्या, मधोमध नाव. आणि नियम असा की दोन्ही दिवस हजर असेल तिलाच प्रमाणपत्र. रविवारी आलेल्या अठ्ठावीस जणींपैकी एक शनिवारी आली नव्हती. उरल्या सत्तावीस. तेरा कार्डं माझ्या पिशवीत तशीच राहिली, नावं छापलेली, तारीख छापलेली, कशालाच उपयोग नाही.

त्या सत्ताविसांतही सहा नावं चुकली होती. नोंदणीच्या कागदावर नावं हातानं लिहिलेली, त्यावरून टाइप करणारा मुलगा छापखान्यातला. "वैशाली"चं "वैशली" झालं. एकीने माहेरचं आडनाव लिहिलं होतं, पण तिला आधार कार्डावरचं सासरचं हवं होतं, कारण बँकेत दाखवायचं होतं. एक बाई कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "ताई, हे माझ्या जावेचं नाव आहे." दोघी जावा, एकाच गटात. दुरुस्त कार्डं सुटी छापायला साठ रुपये पडली, कारण छपाईवाला एका कार्डासाठी मशीन लावतो त्याचेच पैसे घेतो. प्रमाणपत्रांची ओळ १,४०० वरून १,७६०. रक्कम किरकोळ, मनस्ताप सगळ्यात मोठा.

किटचं थोडक्यात. वह्या मी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून घाऊक घेतल्या, तिथे दर चांगला मिळतो. प्रशिक्षकांच्या प्रती, चार्ट पेपर, मार्कर आणि ऐनवेळच्या झेरॉक्स धरून ७,४०० झाले. उरलेल्या वह्या पुढच्या तुकडीला चालल्या. फोल्डर चालले नाहीत, कारण हौसेने मी त्यांच्यावर कार्यक्रमाच्या तारखा छापून घेतल्या होत्या.

सोमवारी काकांनी सगळी बिलं एका दोऱ्यात ओवली आणि बेरीज केली. ८६,४००. "आता बोल, माणशी किती?" मी म्हटलं, चाळीसने भागलं तर २,१६०. काका म्हणाले, "चाळीस जणी कुठे आल्या?" पहिल्या दिवशी आलेल्या छत्तिसांनी भागलं तर २,४००. आणि प्रमाणपत्र मिळालेल्या सत्ताविसांनी भागलं तर ३,२००. खर्च एकच, बिलं तीच, भाजक बदलला की दर दीडपट. कंपनीकडून आले सत्तावीस गुणिले १,७२५, म्हणजे ४६,५७५. वरचे ३९,८२५ संस्थेच्या गंगाजळीतून गेले आणि मॅडम दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.

दुसऱ्या तुकडीच्या वेळी मी अर्ध्या तासात आकडा काढला नाही. काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पाच ओळींचा कागद फाडून टाकला. प्रशिक्षक, हॉल, साहित्य, जेवण, प्रमाणपत्र ही वाटणी अहवालात बरी दिसते, पण दर काढायला ती कामाची नाही. काकांनी प्रत्येक बिल उचलून एकच प्रश्न विचारला: "एक बाई कमी आली असती तर हे बिल कमी झालं असतं का?" हॉलचं नाही. सरांचं नाही. माइकचं नाही. आमच्या सहा जणांच्या ताटांचंही नाही. हे सगळं एका बाजूला. तिच्या ताटाचं हो, किटचं हो, कार्डाचं हो. ते दुसऱ्या बाजूला. आणि सहायकाचं बिल मात्र मधल्या मध्ये लटकलं. वही लिहायला शिकवताना एका सहायकाला वीसच्या वर बायका सांभाळता येत नाहीत, हे आम्ही पाहिलेलं आहे. म्हणजे विसाव्या बाईपर्यंत एक सहायक, एकविसावी आली की दुसरा.

जागाही बदलली. चेंबूरला एका मंडळाचं समाजमंदिर मिळालं, दिवसाला ५,०००, कर नाही. खुर्च्या, पंखे, माइक भाड्याने आणावे लागले, त्याचे ७,०००. स्वस्त हॉल म्हणतात तो असा असतो, भिंती स्वस्त आणि आतलं सगळं वेगळं. तरी दादरच्या निम्म्यात बसलं, आणि गोवंडीची बाई एका बसने येऊ लागली. दिवस गुरुवार-शुक्रवार घेतले. जेवण तिथल्याच एका बचत गटाकडे दिलं, दिवसाला माणशी २००.

या वेळी एक बाई कमी आली तरी न हलणारा खर्च ३६,००० निघाला, आणि चाळीसपर्यंतच्या तुकडीला दोन सहायकांचे ८,००० धरून ४४,०००. माणशी हलणारा खर्च मात्र फक्त ५८०: किट १५०, दोन दिवसांचं जेवण ४००, कार्ड ३०. काकांनी कागदाच्या कोपऱ्यात गंमत म्हणून काही आकडे टाकले. वीस बायकांना एक सहायक पुरतो, तेव्हा दर २,५८०. एकवीस केल्या की दुसरा सहायक येतो आणि दर कमी व्हायच्या ऐवजी २,६७५ होतो. चाळीस पूर्ण आल्या तर १,६८०. माझा जुना १,७२५ अगदीच हवेतला नव्हता म्हणायचा, फक्त तो एकही बाई न गळणाऱ्या जगातला होता.

मग प्रश्न उरला किती जणींनी भागायचं. नोंदणी चाळीस. मागच्या अनुभवावरून पहिल्या दिवशी चौतीस-छत्तीस, आणि मेगाब्लॉक नसेल तर शेवटपर्यंत तीस. ताटं आणि किट छत्तीस धरली, भागाकार तिसाने केला. ४४,००० अधिक छत्तीस जणींचे २०,८८०, त्यावर ऐनवेळच्या खर्चाचे पाच टक्के, भागिले तीस. २,२७१ आले, मी २,२७५ लिहिले.

पण तीसही आल्या नाहीत तर? इथे मला केटररचा मुलगा आठवला. त्याची गॅरंटी असते, आमची का नसावी? करारात मी एक वाक्य घातलं: प्रति प्रमाणपत्र २,२७५ रुपये, मात्र किमान अठ्ठावीस सहभागींचं देयक. अठ्ठाविसांचे ६३,७०० होतात. खर्च ६४,८८० धरला होता, म्हणजे वाईट दिवशीही तोटा हजार-बाराशेचा, चाळीस हजारांचा नाही.

साहेबांनी कागद पाहिला आणि भुवया वर केल्या. "गेल्या वेळी १,७२५ होता. एकदम २,२७५?"

मी मागच्या तुकडीची बिलं आणि हजेरीपट सोबत नेला होता. म्हटलं, "सर, गेल्या वेळी एक प्रमाणपत्र ३,२०० ला पडलं. तुम्ही १,७२५ दिलेत, बाकीचे आम्ही घातले. आताचा दर ९२५ ने कमी आहे." त्यांनी हजेरीपट उलटून पाहिला. मग म्हणाले की साठ जणींची तुकडी केली तर दर आणखी उतरेल ना? साठ जणी त्या समाजमंदिरात मावत नाहीत, तिसरा सहायक लागेल, आणि सरांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला तरी त्यांची नजर तिथल्या वहीपर्यंत पोहोचणार नाही, असं मी सांगितलं. किमान अठ्ठाविसाच्या वाक्यावर त्यांना वरच्यांशी बोलावं लागलं. आठवड्याने सही झाली.

त्या तुकडीला पहिल्या दिवशी चौतीस आल्या, एकतीस जणींनी पूर्ण केलं. प्रमाणपत्रं या वेळी नावाविना छापली होती. पहिल्या दिवशी दुपारी प्रत्येकीने आपलं नाव स्वतःच्या हाताने, आधार कार्ड बघून, एका तक्त्यात लिहिलं. ते टाइप करून पुन्हा तिच्याकडून वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर नावं चढवली. जाड कागद खालच्या ट्रेमधून अडकतो, एकेक कार्ड पुढच्या हातट्रेतून सरकवावं लागतं हे दोन कार्डं चुरगळल्यावर कळलं. सहकारी चेंबूरहून कार्डं घ्यायला ऑफिसला गेली आणि चारच्या आत परत आली. एकही नाव चुकलं नाही.

काकांनी हिशेब केला. आलेले ७०,५२५, गेलेले ६५,६३०. हातात ४,८९५. मी खूश झाले, तर काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि तू तीन आठवडे चाळीस बायकांना फोन करत होतीस, त्याचा पगार कुठल्या ओळीत?"

कुठल्याच नव्हता. ना पहिल्या कागदात, ना दुसऱ्या. तिसऱ्या तुकडीच्या प्रस्तावात मी समन्वयाचे सहा हजार न हलणाऱ्या खर्चात टाकले आहेत, आणि साहेबांनी ती ओळ लाल करून परत पाठवली आहे. सोमवारी भेटायचं ठरलंय.

तोवर जेवणाच्या गटातल्या ताईंचा फोन येऊन गेला. किती ताटं धरू? मी सांगितलं, छत्तीस, आणि आम्ही सहा वेगळे.